अर्जात आधी आपला तलाव लिहा

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात येणारा जवळजवळ प्रत्येक कागद काहीतरी मागणारा असतो. घरकुलाच्या यादीतून नाव सुटलं, धानाचे चुकारे अडकले, बदली हवी, गावच्या रस्त्याला निधी हवा, मुलाच्या नोकरीसाठी शिफारसपत्र हवं. हा गठ्ठा आधी स्वीय सहायकाच्या, म्हणजे पीएच्या हातात पडतो. विषयाची ओळ वाचून तो कागद कुठल्या फायलीत जाणार हे ठरवतो आणि पुढचा उचलतो. सार्वजनिक धोरण शिकणाऱ्या मुलाने ‘इंटर्नशिप मिळणेबाबत’ असा अर्ज दिला, तर तो बहुधा नोकरी मागणाऱ्यांच्या फायलीत जातो. पीएची त्यात चूक नसते. त्याने जे वाचलं त्यावरून तेच वाटतं.

भंडारा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने आमदारांच्या कार्यालयात संशोधनाचं काम मागायचं असेल तर पत्र कसं लिहावं, एवढाच या लेखाचा विषय आहे. खासदारांबरोबर काम करायचं असेल तर दिल्लीच्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. तिथे जाहिरात निघते, ठरलेला अर्ज असतो, विद्यावेतन मिळतं. मुख्यमंत्री फेलोशिपचीही रीत तशीच, पण तिथलं काम शासनाच्या, म्हणजे अंमलबजावणीच्या बाजूचं असतं. आमदारांच्या कार्यालयासाठी यातलं काहीच नाही. जाहिरात निघत नाही, छापील अर्ज नाही, संशोधकाचं पदही नाही. जे पद नाही ते पत्रानेच उभं करायचं असतं, म्हणून हे पत्र नोकरीच्या अर्जासारखं लिहून चालत नाही.

पहिला प्रश्न : कुणाला लिहायचं? जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत. तुमसरमध्ये तुमसर आणि मोहाडी हे तालुके येतात, भंडाऱ्यात भंडारा आणि पवनी, तर साकोलीत साकोली, लाखनी आणि लाखांदूर. पत्र आपल्याच मतदारसंघाच्या आमदारांना द्यावं. पण त्याआधी आपण मांडणार आहोत तो विषय आमदारांच्या हातातला आहे का, हे तपासायला हवं. आपल्याकडे धानाचंच उदाहरण घ्या. हमीभाव केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे हमीभाव वाढवण्याचा अभ्यास आमदारांना देऊन उपयोग नाही, तो खासदारांचा विषय. खरेदी केंद्रं वेळेवर का उघडली नाहीत आणि बोनसची रक्कम कुणाला मिळाली नाही, हे मात्र राज्याचं आणि म्हणून आमदारांनी सभागृहात विचारण्यासारखं. धोरणाच्या पेपरमध्ये केंद्रसूची आणि राज्यसूची पाठ करून गुण मिळवलेली मुलंही पत्र लिहिताना हे विसरतात. ‘भंडाऱ्यातील बेरोजगारीवर काम करायचं आहे’ असं लिहिणाऱ्याने तर कुठला विभाग, कुठली योजना, कुठलं वर्ष, यातलं काहीच ठरवलेलं नसतं.

म्हणून मी इथे एकच विषय शेवटपर्यंत नेतो : मामा तलाव. हे माजी मालगुजारी तलाव आपल्या चार पूर्व जिल्ह्यांची ओळख आहेत. मालगुजारांच्या काळात ते धानासाठी बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांचा मालक एक आणि वापरणारे अनेक. लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहेत. मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था घेतात. गावाचे निस्तार हक्क वेगळेच. त्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो शेतात टाकायचा, अशी तिची कल्पना. शेतकऱ्याला गाळ हवा असतो. मासेमाराला मात्र तलावाचा उथळ काठ आणि त्यातल्या पाणवनस्पती शाबूत हव्या असतात, कारण स्थानिक मासे तिथेच वाढतात. जेसीबीला यातलं काही ठाऊक नसतं. सार्वजनिक धोरणाच्या पुस्तकात हितसंबंधी गटांची ओढाताण म्हणून जे प्रकरण असतं, ते इथे एका पाळीवर उभं राहून बघता येतं. विषय राज्याच्या योजनेचा आहे, मंत्रालयात त्याला विभाग आहे आणि मतदारसंघात त्याची गावं आहेत. पत्रासाठी यापेक्षा सोयीचा विषय शोधूनही मिळणार नाही.

आता वेळ. विधिमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात : मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पी, जून-जुलैच्या सुमारास पावसाळी आणि डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरचं हिवाळी. अधिवेशन सुरू झाल्यावर संशोधनाची मदत द्यायला जाणं म्हणजे लग्न लागल्यावर मुहूर्त काढायला बसणं. तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात, म्हणजे माहिती त्याहीआधी हातात हवी. पावसाळी अधिवेशनाला उपयोगी पडायचं असेल तर मार्चमध्ये पत्र द्या आणि परीक्षेचं वेळापत्रक बघून एप्रिल-मेमध्ये काम करा. तलावांच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा आहे. उन्हाळ्यात तलाव आटलेले असतात आणि गाळाची कामं तेव्हाच चालतात, त्यामुळे जे लिहायचं ते डोळ्यांनी बघता येतं. हिवाळी अधिवेशनासाठी पत्र गणपतीच्या आसपास गेलेलं बरं. दिवाळीनंतर दिलेलं पत्र त्या अधिवेशनाच्या प्रश्नांना बहुधा उपयोगी पडत नाही.

समजा, पवनी तालुक्यातली एक विद्यार्थिनी नागपूर विद्यापीठात लोकप्रशासनात एम.ए. करते आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाचे ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास काम. तिने केलेला पहिला खर्डा असा होता : ‘आपले कार्य पाहून मी अत्यंत प्रभावित झाले आहे. मी सार्वजनिक धोरण, शासनव्यवस्था व धोरण विश्लेषण या विषयांत प्रथम श्रेणी मिळवली आहे. मला संशोधनाची आवड असून माझ्या ज्ञानाचा उपयोग समाजासाठी व्हावा अशी इच्छा आहे. कृपया संधी द्यावी.’ यात खोटं काहीच नाही, पण पीएने हे वाचून करायचं काय? प्रभावित झाल्याचं रोज दहाजण सांगतात. प्रथम श्रेणीचा कार्यालयाला उपयोग नाही. आणि ‘संधी’ म्हणजे नेमकं काय, कुठली खुर्ची, किती दिवस, हे त्यालाच ठरवायचं आहे. त्याला तेवढा वेळ नसतो.

तेच पत्र पुन्हा लिहिलं, ते असं :

प्रति,
मा. विधानसभा सदस्य,
भंडारा विधानसभा मतदारसंघ
(मार्फत : स्वीय सहायक, जनसंपर्क कार्यालय)

विषय : मामा तलावांतील गाळ-कामांवर पावसाळी अधिवेशनासाठी माहिती-संकलन. एम.ए. अभ्यासक्रमांतर्गत १२० तासांची इंटर्नशिप.

महोदय,

मी पवनी तालुक्यातील रहिवासी असून नागपूर विद्यापीठात एम.ए. (लोकप्रशासन) प्रथम वर्षात शिकते. मामा तलावांतून गाळ काढण्याच्या कामांबाबत सभागृहात प्रश्न विचारता यावा यासाठी लागणारी माहिती गोळा करण्याचे काम मी आपल्या कार्यालयासाठी एप्रिल-मे महिन्यांत करू इच्छिते.

‘सार्वजनिक धोरण’ या विषयाच्या लघुप्रबंधासाठी मी गाळमुक्त धरण योजनेचा शासन निर्णय आणि आमच्या परिसरातील तीन तलावांवर झालेले काम यांची तुलना केली. त्यापैकी दोन तलावांत गाळ फक्त रस्त्याच्या बाजूने खोदलेला दिसला. ट्रॅक्टर पुढे नेता येत नाही, असे शेतकऱ्यांनी सांगितले. मासेमारी संस्थेच्या सदस्यांचे म्हणणे असे, की खोदण्याची जागा ठरवताना त्यांना विचारले गेले नाही. काढलेल्या गाळाची मोजमापे व कामाची देयके मला पाहता आली नाहीत. ती जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असावीत.

पहिल्या दोन आठवड्यांत मी आपण सांगाल त्या तलावांची एक पानी नोंद प्रत्येकी तयार करेन : काम कोणत्या वर्षी झाले, कोणत्या आदेशाने झाले, कुठे खोदले, आज काय दिसते. त्यानंतर या विषयावर सभागृहात पूर्वी विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे एकत्र करून देईन. नमुन्यादाखल एका प्रश्नाचा मसुदा सोबत जोडला आहे.

आठवड्यातून तीन दिवस मी कार्यालयात येऊ शकते. मानधनाची अपेक्षा नाही. तलावांवर जाण्याचा प्रवासखर्च मिळाल्यास मदत होईल. शेवटी झालेल्या कामाच्या तासांचे प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती. कार्यालयात येणाऱ्या नागरिकांच्या अर्जांतील माहिती मी बाहेर किंवा माझ्या प्रबंधात वापरणार नाही. विभागप्रमुखांचे पत्र सोबत आहे.

आपली,
(नाव, गाव, दूरध्वनी)

आता एकेका भागाबद्दल. विषयाच्या ओळीत तीन गोष्टी आल्या : कशावर काम, कशासाठी आणि किती वेळ. ‘मिळणेबाबत’ हा शब्द गेला. एवढ्यानेच कागद नोकरीच्या फायलीत जाण्यापासून वाचतो. ‘मार्फत : स्वीय सहायक’ ही ओळ विनयासाठी नाही. काम कुणी द्यायचं आणि कुणी तपासायचं, हे शेवटी तोच ठरवणार, म्हणून पत्र त्याच्यासाठीही लिहिलेलं असावं.

अभ्यासक्रमाचा उल्लेख कुठे आला ते बघा. विषयांची नावं आणि गुण सगळे गेले, उरलं ते अभ्यासक्रमामुळे केलेलं एक काम. धोरण शिकणाऱ्या कोणीही प्रेसमन आणि विल्डाव्हस्की यांच्या १९७३ च्या ‘इम्प्लिमेंटेशन’ या पुस्तकाचं नाव ऐकलेलं असतं. वॉशिंग्टनमध्ये ठरलेली योजना ओकलंड शहरात कशी अडकली, याची ती गोष्ट आहे. पत्रात या दोघांची नावं घालू नका. त्यांच्याकडून शिकलेली रीत मात्र वापरा : शासन निर्णयात काय लिहिलं आहे ते एका हातात धरायचं, तलावावर काय झालं ते दुसऱ्या हातात, आणि दोन्हींतलं अंतर कुठे पडलं ते शोधायचं. वरच्या पत्रातला ‘ट्रॅक्टर पुढे नेता येत नाही’ हा अर्ध्या ओळीचा निष्कर्ष म्हणजे तीच रीत आहे. पीएला ते लगेच कळतं, कारण त्यानेही ते तलाव पाहिलेले असतात. सिद्धांताचं नाव घेतलं की तो तुम्हाला प्राध्यापकांकडचं पोर समजतो. ट्रॅक्टर म्हटलं की पुढचा प्रश्न विचारतो, ‘कोणता तलाव?’

कोणी काय सांगितलं आणि आपण काय पाहिलं, हे वेगळं ठेवलं आहे, तेही मुद्दाम. ‘गाळ फक्त रस्त्याच्या बाजूने खोदलेला दिसला’ ही पाहणी. ‘आम्हाला विचारलं नाही’ हे मासेमारी संस्थेचं म्हणणं, ते खरं असेलही आणि नसेलही. जिल्ह्यात गटबाजी सगळीकडे आहे, तलावाच्या ठेक्यात तर जरा जास्तच. एका गटाचं म्हणणं वस्तुस्थिती म्हणून लिहिलं आणि पुढे आमदारांनी ते सभागृहात मांडलं, तर त्याची किंमत ते मोजतील. पुढच्या वेळी तुमचा कागद मग कोणी उघडणार नाही.

‘मला पाहता आली नाहीत’ हे लिहायला मुलं घाबरतात. आपलं काम अपुरं दिसेल असं त्यांना वाटतं. पण पत्राचा कणा याच ओळीत आहे. विद्यार्थिनी एकटी जिल्हा परिषदेत गेली तर तिला ‘उद्या या’ म्हणतील, फार तर माहितीचा अधिकार वापरायला सांगतील आणि त्यात ३० दिवस जातील. आमदारांच्या कार्यालयाकडून गेलेल्या पत्राला लवकर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे तिच्याकडे तलाव बघायला पाय आहेत आणि कार्यालयाकडे मोजमाप-पुस्तिका मागण्याचं वजन आहे. कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय हवं आहे, हे पत्राने न बोलता दाखवलं.

मानधनाबद्दल दोन मतं आहेत. फुकट राबण्याची सवय लावू नये, असं काहीजण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण आमदारांना शासनाकडून जी मदत मिळते ती पीए आणि चालकासाठी, संशोधकासाठी वेगळी तरतूद नाही. तेव्हा मानधन मागितलं तर ते त्यांच्या खिशातून जाणार आणि त्याबरोबर पक्षाचं काम करण्याची अपेक्षाही येणार. प्रवासखर्च मागा, बाकीचं सोडा, असं माझं मत आहे. प्रमाणपत्रात ‘कार्यकर्ता’ हा शब्द येऊ नये, एवढं बघा. आणि घरचे कुणाला मत देतात, वडील कोणत्या पक्षात होते, हे पत्रात कधीच आणू नका. ते सांगायचं नसतंच, शिवाय भंडाऱ्यात ते न सांगता माहीत असतं.

आता जोडलेला नमुना, कारण वाचणारा पत्राइतकाच, किंवा जास्तच, त्यावर थांबतो. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाची भाषा ठरलेली असते आणि ती बघितल्याशिवाय मसुदा लिहिता येत नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत, त्यातली दहाबारा पानं वाचून काढा. साधारण साचा असा :

(१) पवनी तालुक्यातील माजी मालगुजारी तलावांतून अमुक वर्षात गाळ काढण्याची कामे हाती घेण्यात आली, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, कोणत्या तलावांतून किती घनमीटर गाळ काढण्यात आला व तो किती शेतकऱ्यांनी नेला;

(३) खोदाईची जागा निश्चित करण्यापूर्वी तलावाचे सर्वेक्षण व मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांशी विचारविनिमय करण्यात आला काय;

(४) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?

या साच्यात एक सापळा आहे, आणि नवखे त्यात हमखास अडकतात. पहिल्या भागात जे विधान असतं त्यात एखादी गोष्ट चुकली, वर्ष चुकलं किंवा तलाव दुसऱ्याच तालुक्याच्या यादीत निघाला, तर मंत्र्यांचं लेखी उत्तर येतं : ‘हे खरे नाही.’ आणि पुढच्या सगळ्या भागांसमोर एकच वाक्य : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मग गाळ किती काढला, कुणी काढला, कुणाला विचारलं, सगळं तिथेच बुडतं. ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर थोडं काहीतरी हाती लागतं. पहिला भाग कोणाला नाकारता येणार नाही असा करणं, हेच या कामातलं खरं संशोधन. म्हणून ‘गाळाच्या कामात मोठा भ्रष्टाचार झाला, हे खरे आहे काय’ असं विचारायचं नसतं. एका शब्दात नाकारता येणारं विधान आहे ते. ‘या वर्षात कामे हाती घेण्यात आली’ हे नाकारायचं तर विभागाला स्वतःचेच आदेश नाकारावे लागतील. हे उतरलं की मग दुसऱ्या भागात आकडा मागायचा. ‘किती’ला टाळणं ‘का’ला टाळण्यापेक्षा अवघड असतं.

मसुद्यात दुसरी चूक होते ती विभागाची. तलाव म्हटला की मुलं जलसंपदा विभागाला प्रश्न विचारतात. जिल्हा परिषदेकडच्या लहान तलावांची कामं मृद व जलसंधारण विभागाच्या कक्षेत येतात, मत्स्यसंस्थांचा भाग मत्स्यव्यवसाय विभागाकडे. आपला तलाव नेमका कुणाकडे आहे, हे लघुपाटबंधारे विभागाच्या तालुका उपविभागात विचारून घ्यावं. तिथल्या शाखा अभियंत्याशी झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्याने मसुद्यातला निम्मा धोका कमी होतो. योजनेच्या शासन निर्णयाची प्रत शासनाच्या संकेतस्थळावर असते, त्यातला विभाग आणि तारीख बघून घ्या. नंतरच्या सुधारित निर्णयांचीही खात्री करा, नाहीतर रद्द झालेल्या अटीवर प्रश्न विचारला जातो.

आणि एका प्रश्नात एकच विषय. तलावाचा गाळ, गोसेखुर्दच्या पुनर्वसनातली घरं आणि धानाचा बोनस एका मसुद्यात कोंबला तर कागद भारदस्त दिसतो, पण प्रश्न नियमात बसत नाही. न्यायप्रविष्ट बाब असेल तर तीही वगळावी लागते, म्हणून ठेक्यावरून कोर्टात गेलेला तलाव नमुन्यासाठी निवडू नका.

आता पत्र पोचवणं. इथे अगदी साध्या गोष्टींनी काम बिघडतं. गावातल्या टायपिंग सेंटरवर कागद अजूनही कृतिदेव अक्षरात होतो. ती फाइल मोबाइलवर उघडली की मराठीऐवजी चिन्हांची खिचडी दिसते आणि पीए बंद करून टाकतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करून पाठवा. फाइलला ‘अर्ज-फायनल-२’ असं नाव न देता ‘मामा-तलाव-पवनी-इंटर्नशिप’ असं द्या, म्हणजे व्हॉट्सअॅपवर दोन आठवड्यांनी शोधलं तरी सापडेल. छापील प्रत हातोहात नेऊन द्या, पत्र दोन पानांच्या वर नको आणि मसुदा तिसऱ्या पानावर. आपल्या प्रतीवर पोच घ्या. साहेब मतदारसंघात असतात त्या दिवशी कार्यालयात गर्दी असते आणि तुमचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. पीएला निवांत भेटायचं असेल तर साहेब मुंबईत असताना जा.

पुढे काय होईल यावरून पत्र कसं वाचलं गेलं ते कळतं. ‘एखादं शिफारसपत्र आणा’ असं उत्तर आलं तर त्यांनी ते नोकरीचा अर्ज म्हणूनच वाचलं. अशा वेळी विभागप्रमुखांचं पत्र पुढे करा आणि आपण क्रेडिटसाठी काम मागतो आहोत, पद नाही, हे एका वाक्यात सांगा. ‘कोणते तीन तलाव?’ असं विचारलं तर पत्र वाचलं गेलं. दहा-बारा दिवस काहीच कळलं नाही तर ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असा फोन करू नका. एका तलावाची एक पानी नोंद तयार करून घेऊन जा. ती बघून नकार आला तरी तुमच्या प्रबंधाचं एक पान झालेलंच असतं.

होकार आला तरी पहिल्या आठवड्यात तलावाचं नाव निघेलच असं नाही. बहुधा तुम्हाला निवेदनांच्या टेबलावर बसवतील. त्यात अपमान मानू नका. निवेदनांची नोंदवही म्हणजे मतदारसंघाने स्वतः लिहिलेली तक्रारींची यादी असते. कोणत्या गावातून, कोणत्या विभागाची, किती निवेदनं येतात हे महिनाभर मोजलं तर पुढच्या प्रश्नाचा विषय त्यातूनच मिळतो. नावं, आधार क्रमांक, आजार, जमिनीचे वाद, यातलं काहीही तुमच्या वहीत उतरता कामा नये. मोजायचं ते गाव आणि विषय. पत्रात दिलेल्या गोपनीयतेच्या शब्दाची कसोटी याच टेबलावर लागते, आणि तुम्हाला मोजमाप-पुस्तिका दाखवायची की नाही हे पीए बहुधा त्यावरूनच ठरवतो.

आमदारांकडून नकारच आला तर तेच पत्र विधान परिषदेकडे वळवता येतं. नागपूर विभागाच्या पदवीधर मतदारसंघात भंडारा जिल्हा येतो, आणि पदवी मिळून तीन वर्षं झालेली विद्यार्थिनी तिथली मतदारही होऊ शकते. तिथे पत्राचा मायना बदलतो, सदस्य विधानसभेचे न राहता परिषदेचे होतात, आणि तलाव एका तालुक्याचे न ठेवता भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांचे करावे लागतात, कारण हे चारही त्या सदस्यांच्या मतदारसंघात येतात. लक्षवेधी सूचनेचा मसुदा जोडणार असाल तर विधानसभेतला नियम १०५ तिथे चालत नाही. परिषदेत लक्षवेधी नियम १०१ खाली येते, आणि मसुद्याच्या शिरोभागी तोच आकडा हवा.